तिन्ही ग्लास सारखेच निवले: आठवीच्या एका प्रकल्पावरचा अभिप्राय

पार्श्वभूमी

आठवीतल्या एका विद्यार्थिनीनं विज्ञान प्रकल्पासाठी साधा प्रश्न घेतला होता. गरम पाण्याच्या ग्लासाभोवती काही गुंडाळलं तर पाणी जास्त वेळ गरम राहतं का? तिनं एकाच मापाचे तीन काचेचे ग्लास घेतले. एक उघडा ठेवला, दुसऱ्याला वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळले आणि तिसऱ्याला लोकरीचं कापड. प्रत्येकात 200 मिली गरम पाणी ओतलं आणि 20 मिनिटं तापमान मोजलं. तापमापी एकच होती, त्यामुळे तिन्ही ग्लास एकदम न मोजता एकामागून एक मोजले. खोलीचं तापमान प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं, ते तिन्ही वेळा 26 अंश होतं.

प्रकल्पाचा अहवाल वर्गात मांडला गेला. त्यावर दोन शिक्षकांनी अभिप्राय द्यायचा आणि विद्यार्थ्यांनी चार दिवसांत सुधारणा करून अहवाल प्रदर्शनात लावायचा, असं ठरलेलं होतं. अभिप्रायाचा नियम छोटा होता: खरोखर जमलेली एक गोष्ट आणि नेमकी एक सुधारणा. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. विज्ञानाच्या शिक्षिकेला मी बाई म्हणतो आणि दुसऱ्या परीक्षकांना सर.

अडचण

विद्यार्थिनीच्या अहवालातला मुख्य तक्ता असा होता:

| ग्लास | सुरुवातीचं तापमान | 20 मिनिटांनी | घट |
|---|---|---|---|
| उघडा | 72 | 51 | 21 |
| वर्तमानपत्र | 78 | 57.5 | 20.5 |
| लोकर | 84 | 63.5 | 20.5 |

त्याखाली निष्कर्ष होता: ‘तिन्ही ग्लासांतली घट जवळजवळ सारखी आहे. म्हणून गुंडाळण्यानं काही फरक पडत नाही.’ सोबत तीन समान उंचीच्या रंगीत स्तंभांचा आलेख.

आकडे खोटे नव्हते आणि वजाबाकीही बरोबर होती. उत्तर मात्र चुकलेलं होतं. चूक कुठे आहे हे पहिल्या नजरेत दिसत नाही, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते इथूनच सुरू होतं.

मुलीनं दर वेळी ‘चांगल्या वाफा येईपर्यंत’ पाणी तापवलं होतं. वाफांचं ते माप डोळ्यांचं, त्यामुळे एकदा पाणी 84 अंशांवर होतं, एकदा 78 वर आणि एकदा 72 वर. गरम वस्तू किती वेगानं निवते, हे ती भोवतालापेक्षा किती अंशांनी जास्त गरम आहे यावर अवलंबून असतं. न्यूटननं 1701 मध्ये मांडलेला हा नियम. फरक फार मोठा नसेल तर तो आजही कामाला येतो. लोकरीचा ग्लास खोलीपेक्षा 58 अंशांनी गरम होता, उघडा ग्लास फक्त 46 अंशांनी. म्हणजे लोकरीच्या ग्लासाला निवण्याची घाई मुळातच जास्त होती. तरी तो उघड्या ग्लासाइतकाच निवला, कारण लोकरीनं त्याला मागे ओढून धरलं. दोन उलट परिणामांनी एकमेकांना पुसून टाकलं आणि तक्त्यात उरला तो ‘फरक नाही’.

नुसता चुकीचा निष्कर्ष असता तर गोष्ट सोपी होती. इथे तो मुलीनं प्रामाणिकपणे, स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध काढला होता. लोकरीनं पाणी गरम राहील असं तिचं भाकीत होतं. आकडे वेगळं सांगतात असं वाटल्यावर तिनं भाकीत सोडलं आणि आकड्यांची बाजू घेतली. अशा मुलीला ‘निष्कर्ष चुकला’ एवढंच सांगितलं, तर पुढच्या वेळी ती आकडे भाकिताकडे वळवायला शिकेल. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो.

कोणते पर्याय होते

सरांनी आपला अभिप्राय आधीच लिहून दिला होता: ‘मांडणी सुंदर आहे. प्रयोग किमान तीनदा करून सरासरी काढावी.’ विज्ञान प्रकल्पांवर हा शेरा इतका सर्रास दिसतो की तो चुकूनही चुकीचा वाटत नाही. इथे मात्र त्यातून काही साधणार नव्हतं. मुलीनं तोच प्रयोग तसाच तीनदा केला असता, दर वेळी वाफांवरूनच अंदाज घेतला असता, तर सुरुवातीची तापमानं आणखी भरकटली असती आणि सरासरीनं त्या गोंधळाला भारदस्तपणा दिला असता. मोजण्याच्या पद्धतीतच खोट असेल तर पुनरावृत्तीनं ती जात नाही. पुनरावृत्तीनं फक्त इकडे-तिकडे होणारी छोटी चूक कमी होते.

शिवाय ‘मांडणी सुंदर’ यावरून मुलीनं पुढच्या वेळी काय पुन्हा करायचं? रंगीत स्तंभ? त्याच स्तंभांनी तर चुकीचा निष्कर्ष ठसठशीत केला होता.

बाईंनी अहवाल बाजूला ठेवून मुलीची नोंदवही मागवली. वहीत दर दोन मिनिटांची नोंद होती, प्रत्येक ग्लासाच्या अकरा. अहवालात त्यातल्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोंदी आल्या होत्या. वर्तमानपत्राच्या ग्लासासमोर आठव्या मिनिटाला आधी 86.5 लिहिलेलं, त्यावर एक रेघ आणि शेजारी 68.5.

वही पाहिल्यावर बाईंच्या कागदावर सुधारणांची यादी तयार झाली. त्यातल्या चार गोष्टींना वजन होतं.

पहिली, ग्लासांवर झाकण नव्हतं. गरम पाण्याची बरीचशी उष्णता वरच्या उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनानं जाते, त्यामुळे बाजूंना काय गुंडाळलं आहे याचा परिणाम दबून जातो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हा आक्षेप अगदी रास्त आहे. दुसरी, वर्तमानपत्राचे चार पदर आणि लोकरीचा एक, यांची जाडी सारखी नव्हती, म्हणून फरक पदार्थाचा की जाडीचा हे सांगता येत नाही. तिसरी म्हणजे सरांनी सांगितलेली पुनरावृत्ती. चौथी, सुरुवातीचं तापमान वेगवेगळं.

आता यातली एकच निवडायची होती. बाईंनी प्रत्येकीला दोन प्रश्न लावले. ही गोष्ट सुधारली तर निष्कर्ष बदलेल का? आणि मुलीला हे चार दिवसांत, हाताशी आहे त्यावर करता येईल का? झाकण आणि जाडी यांसाठी सगळा प्रयोग नव्यानं करावा लागला असता, आणि तसं करूनही सुरुवातीचं तापमान भरकटलेलंच राहिलं असतं तर उत्तर पुन्हा चुकलं असतं. चौथी गोष्ट मात्र दोन्ही प्रश्नांना पुरून उरत होती. त्यासाठी प्रयोग पुन्हा करायचीही गरज नव्हती. वहीत दर दोन मिनिटांच्या नोंदी होत्या आणि त्यांत उत्तर आधीच पडून होतं.

इथे बलस्थानाचा प्रश्नही आपोआप सुटला. बाईंच्या मनात आधी खोडलेल्या नोंदीचं कौतुक करायचं होतं. चुकलेला आकडा खोडरबरानं न पुसता रेघ मारून वाचता येईल असा ठेवणं ही खरोखर चांगली सवय आहे. पण ती सवय या प्रकल्पाच्या प्रश्नाला कुठेच भिडत नव्हती. दर दोन मिनिटांच्या नोंदी भिडत होत्या, कारण सुधारणा त्यांच्यावरच उभी राहणार होती. बहुतेक मुलं सुरुवात आणि शेवट मोजतात आणि मधल्या वेळात उठून जातात. ही मुलगी तीन वेळा वीस-वीस मिनिटं तापमापीपाशी बसली होती.

काय लिहिलं

बाईंचा पहिला मसुदा असा होता: ‘नोंदी काळजीपूर्वक घेतल्या आहेत. सुरुवातीचं तापमान समान ठेवायला हवं होतं.’ वाक्य खरं आहे, पण त्यातलं ‘हवं होतं’ झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं आणि उद्या वही उघडल्यावर काय करायचं ते सांगत नाही. मुलगी ते वाचून ‘बरं’ म्हणाली असती आणि अहवाल होता तसाच राहिला असता. बाईंनी तो मसुदा टाकून दिला.

शेवटी दिलेला अभिप्राय असा:

‘तू फक्त पहिलं आणि शेवटचं तापमान न घेता दर दोन मिनिटांनी नोंद घेतलीस. त्यामुळे प्रत्येक ग्लास वाटेत कसा निवत गेला, हे तुझ्या वहीवरून मला पाहता आलं.

एक सुधारणा. तिन्ही ग्लास 84, 78 आणि 72 अशा वेगवेगळ्या तापमानांवरून निघाले, म्हणून त्यांची 20 मिनिटांतली घट एकमेकींशी ताडून पाहता येत नाही. तुझ्याच नोंदींवरून प्रत्येक ग्लासाला 72 वरून 64 अंशांवर यायला किती मिनिटं लागली ते काढ आणि ते तीन आकडे शेजारी मांड. प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.’

यात ‘निष्कर्ष चुकीचा आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ते बाईंनी मुद्दाम टाळलं. तीन आकडे समोर आले की निष्कर्ष टिकतो की नाही, हे मुलीलाच दिसणार होतं.

72 आणि 64 हेच आकडे का? तिन्ही ग्लास ज्या तापमानांमधून गेले तो पट्टा अरुंद होता. उघडा ग्लास सुरूच 72 वर झाला, म्हणून वरची मर्यादा 72. लोकरीचा ग्लास शेवटी 63.5 पर्यंतच पोचला, म्हणून खालची मर्यादा 64. मुलीनं 15 मिनिटांवरच मोजणं थांबवलं असतं तर लोकरीचा ग्लास 67-68 अंशांवरच अडकला असता आणि तुलनेला जेमतेम चार अंश उरले असते.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन आली. चेहरा पडलेला होता. ‘बाई, म्हणजे माझा प्रयोग चुकला का?’

‘प्रयोग नाही चुकला. तुलना कुठून कुठपर्यंत करायची ते बदलायचंय. तू मोजायला बस,’ एवढंच बाई म्हणाल्या.

ती दोन ठिकाणी अडली. उघड्या ग्लासाच्या नोंदीत 64 हा आकडाच नव्हता. सहाव्या मिनिटाला 64.5 आणि आठव्याला 62. मग 64 कधी? बाईंनी तिला आलेख काढायला लावला: आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर तापमान, ठिपके जोडून रेघ. 64 पासून आडवी पट्टी धरली की ती रेघेला जिथे छेदते तिथून खाली मिनिटं वाचता येतात. उत्तर आलं साधारण 6.4 मिनिटं.

वर्तमानपत्राचा ग्लास चौथ्या मिनिटाला 73 वर आणि सहाव्याला 71 वर होता, म्हणजे 72 पाचव्या मिनिटाला. बाराव्या मिनिटाला 64.5 आणि चौदाव्याला 62.5, म्हणजे 64 साडेबाराव्या मिनिटाला. मध्ये गेली साडेसात मिनिटं. लोकरीचा ग्लास साडेदहाव्या मिनिटाच्या सुमारास 72 वर आला आणि एकोणिसावं मिनिट सरल्यावर 64 वर. म्हणजे पावणेनऊ मिनिटं.

उघडा 6.4, वर्तमानपत्र 7.5, लोकर 8.75. ज्या नोंदींतून ‘फरक नाही’ निघालं होतं, त्याच नोंदींतून आता लोकरीच्या ग्लासाला सव्वादोन मिनिटांहून जास्त उशीर लागलेला दिसत होता.

दुसरी अडचण तिनं स्वतः काढली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. जास्त गरम पाणी जास्त वेगानं निवतं हे बाई सांगतात, पण ते खरं कशावरून? बाईंनी नियम सांगण्याऐवजी लोकरीच्या ग्लासाची एकच रांग तिच्यासमोर ठेवली. पहिल्या चार मिनिटांत तो 84 वरून 79 वर आला, म्हणजे पाच अंश. शेवटच्या चार मिनिटांत 67 वरून 63.5 वर, म्हणजे साडेतीन. ग्लास तोच, लोकर तीच, खोली तीच. फरक होता तो फक्त पाणी किती गरम होतं याचा. मुलगी थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे उघड्या ग्लासाला सोपा पेपर मिळाला होता.’

तिला जुना निष्कर्ष फाडून टाकायचा होता. बाईंनी तो ठेवायला सांगितला. नव्या अहवालात जुना तक्ता राहिला, त्याखाली ‘ही तुलना का चालत नाही’ अशा दोन ओळी आल्या आणि मग नवा तक्ता. वर्तमानपत्र आणि लोकर यांच्यात लोकर सरस, असं तिला लिहायचं होतं. तिथे मात्र बाईंनी थांबवलं. तापमापीवर ती अर्ध्या अंशापर्यंत वाचत होती आणि या पट्ट्यात पाणी मिनिटाला साधारण एक अंश निवत होतं, म्हणजे वाचण्यातली अर्ध्या अंशाची चूक अर्ध्या मिनिटाची होते. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे ती झाली तर मिनिटभर. लोकर आणि वर्तमानपत्र यांच्यात अंतर सव्वा मिनिटाचं, म्हणजे चुकीच्या अगदी शेजारी. उघडा आणि लोकर यांच्यातलं अंतर मात्र त्याहून बरंच मोठं. म्हणून अंतिम निष्कर्ष असा झाला: ‘लोकरीनं पाणी निवायला वेळ लागतो. लोकर वर्तमानपत्रापेक्षा चांगली आहे का, हे एकदा मोजून सांगता येत नाही.’

सरांची ‘तीनदा करा’ ही सूचना इथे आपल्या जागी आली. तुलना दुरुस्त झाल्यावरच पुनरावृत्तीला काम मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

अभिप्रायात 72 आणि 64 हे आकडे बाईंनी तयार दिले. मुलीनं मोजलं सगळं बरोबर, पण प्रदर्शनात एका पाहुण्यानं ‘72च का?’ विचारल्यावर तिला सांगता आलं नाही. तिच्या लेखी तो बाईंनी दिलेला आकडा होता. त्याऐवजी ‘तिन्ही ग्लास कोणकोणत्या तापमानांमधून गेले आहेत ते शोध, आणि त्या टप्प्यात कोणाला किती वेळ लागला ते काढ’ असं लिहिलं असतं, तर निवड तिची झाली असती. वेळ थोडा जास्त लागला असता, कदाचित ती एकदा चुकलीही असती. चार दिवस हाताशी होते. सूचना नेमकी असायला हवी हे खरं, पण कशाकडे बघायचं यात नेमकेपणा पुरेसा होता. उत्तराचा अर्धा भाग देऊन टाकायची गरज नव्हती, असं माझं मत आहे. बाईंना ते पूर्ण मान्य नाही. आठवीच्या मुलीला शोधाची दिशा आणि शोध दोन्ही एकदम दिले की ती दोन्ही सोडून देते, असा त्यांचा अनुभव आहे.

एकाच सुधारणेच्या नियमाची किंमतही इथे दिसली. त्याच पाहुण्यानं पुढे विचारलं, ‘झाकण का नाही ठेवलंस?’ हा आक्षेप बाईंना पहिल्या दिवसापासून दिसत होता, आणि मुलीला तो तिथे, लोकांसमोर पहिल्यांदा ऐकायला मिळाला. चार सुधारणा एकदम दिल्या असत्या तर तिनं बहुधा सगळ्यात सोपी उचलली असती, म्हणजे झाकण ठेवून तोच चुकीचा तक्ता पुन्हा भरला असता. त्यामुळे लेखी अभिप्रायात एकच सुधारणा देणं मला बरोबर वाटतं. पण ती पूर्ण होऊन मुलगी वही दाखवायला आली, तेव्हा झाकणाचा प्रश्न तोंडी काढायला हरकत नव्हती. तेव्हा तिच्याकडे दोन दिवस होते, आणि करून पाहायचं नसलं तरी अहवालाच्या ‘मर्यादा’ या भागात एक ओळ लिहिता आली असती.

सरांनी आणि बाईंनी आपापले अभिप्राय एकमेकांना न दाखवता दिले होते. त्यामुळे मुलीच्या हाती एकाच वेळी दोन सूचना पडल्या, ‘तीनदा कर’ आणि ‘पुन्हा करायची गरज नाही’. तिनं बाईंचं ऐकलं, ते त्या रोज वर्गावर असतात म्हणून. पुढच्या खेपेपासून दोन्ही परीक्षकांनी आधी वही एकत्र पाहायची आणि मग एकच अभिप्राय लिहायचा, असं ठरलं आहे.

मुलीनं पुढच्या सत्रासाठी याच प्रयोगाचा आराखडा दिला आहे. त्यात तापमापी आधीच पाण्यात ठेवून 75 अंश दिसले की घड्याळ सुरू करायचं आहे, तिन्ही ग्लासांना सारखं झाकण आहे आणि लोकर व वर्तमानपत्र यांची जाडी पट्टीनं मोजून सारखी करायची आहे. प्रत्येक ग्लास तीनदा मोजायचा आहे. नोंद दर दोन मिनिटांनीच.